तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास : नोकरीचे ऑनलाइन प्रोफाइल पुन्हा न लिहिता अद्ययावत कसे ठेवावे

मन्नाएखेळ्ळी : सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या या गावातला तरुण कामासाठी एकाच राज्याकडे बघत नाही. पूर्वेला तेलंगणातले जहीराबाद, पश्चिमेला हुमनाबाद, त्यापुढे उमरगा आणि सोलापूर, शिवाय पुणे आणि हैदराबाद ही दोन मोठी टोके. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. नोकरी शोधायची तर नौकरी डॉट कॉम, लिंक्डइन किंवा केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस यांपैकी कुठेतरी प्रोफाइल असतेच. ते बहुतेकांनी पहिली नोकरी शोधताना एका रात्रीत भरलेले असते. त्यानंतर नोकरी सुटली किंवा सुटायची वेळ आली, की मग ते उघडले जाते. तेव्हा लक्षात येते की नंबर जुना आहे, पासवर्ड आठवत नाही, तीन वर्षांत काय काय काम केले तेही नीट सांगता येत नाही. मग सगळेच नव्याने लिहायला घेतले जाते, आणि घाईत तारखा चुकतात.

सगळे नव्याने लिहिण्याची खरे तर गरज नसते. प्रोफाइलचा बराचसा भाग वर्षानुवर्षे बदलत नाही. जो बदलतो तो थोडा असतो, पण तोच आधी शिळा होतो. तेवढाच भाग वेगळा ओळखून दर तिमाहीला तपासला, तर अर्ध्या तासात काम उरकते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतला पहिला रविवार ठरवून टाकावा. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी वाजणारी आठवण एकदा लावली की पुढे डोक्यात ठेवावे लागत नाही.

काय हलवायचे नाही

पहिल्या वेळी अर्ध्या तासाऐवजी दोन तास लागतील, कारण पाया एकदा पक्का करावा लागतो. नाव, शिक्षण, जुन्या नोकऱ्या आणि त्यांच्या तारखा हा न हलणारा भाग. तो कागद समोर ठेवूनच भरावा आणि नंतर त्याला हात लावू नये.

सीमाभागात इथेच पहिली अडचण येते. कर्नाटकात दहावीला एसएसएलसी आणि बारावीला पीयूसी म्हणतात, महाराष्ट्रात एसएससी आणि एचएससी, तर तेलंगणात बारावीला इंटर. पुण्याच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ‘पीयूसी’ म्हटले की गाडीचे धूर प्रमाणपत्र आठवते. म्हणून शिक्षणाच्या रकान्यात दहावी, बारावी हा पर्याय निवडून बोर्ड कर्नाटकाचे दाखवावे. नुसते एसएसएलसी, पीयूसी लिहून सोडू नये.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच. गुलबर्ग्याचे नाव नोव्हेंबर २०१४ मध्ये अधिकृतपणे कलबुर्गी झाले, पण विद्यापीठ अजून गुलबर्गा विद्यापीठ म्हणूनच ओळखले जाते. जहीराबाद पूर्वी मेदक जिल्ह्यात होते, २०१६ पासून ते संगारेड्डी जिल्ह्यात आहे. उस्मानाबाद आता धाराशिव आहे. नियम सोपा ठेवावा : प्रमाणपत्राशी जोडलेल्या ठिकाणी प्रमाणपत्रावर जे नाव छापले आहे तेच राहील, आणि आज आपण कुठे राहतो त्या रकान्यात आजचे नाव येईल. प्रमाणपत्रावरचे नाव ‘सुधारून’ लिहिले की पडताळणी करणाऱ्याला ते दुसरेच कॉलेज वाटू शकते.

स्वतःच्या नावाबाबतही हीच काळजी घ्यावी. इकडे एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर बऱ्याच जणांचे नाव आणि वडिलांचे नाव असते, आडनाव नसते. तेच पोर महाराष्ट्रात आयटीआयला गेले की आडनाव आधी येते. आधार, पॅन आणि बँक खात्यात एकच नाव असेल तर प्रोफाइलवर तेच घ्यावे, आणि गुणपत्रिकेवरचे वेगळे नाव विचारले तर सांगायची तयारी ठेवावी. दर तिमाहीला नाव बदलून बघण्याची ही जागा नाही.

नोंदवही : प्रोफाइलच्या बाहेर ठेवायची

तिमाही काम हलके होण्याचे खरे कारण नोंदवही. ती फोनमधल्या साध्या नोट्समध्ये चालते, वहीतही चालते. कामावर काही वेगळे घडले की त्याच दिवशी तारखेसह एक ओळ लिहायची. भाषा सुबक नसली तरी हरकत नाही. जहीराबाद परिसरातल्या एखाद्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या तरुणाची वही अशी दिसेल :

```
2025-02-11  Press 3 oil leak, cylinder seal changed, 5 hrs
2025-03-04  Taught 2 helpers daily greasing
2025-03-20  PLC input card replaced with vendor engineer
```

तीन महिन्यांत अशा आठ-दहा ओळी जमतात. त्या सगळ्या प्रोफाइलवर जात नाहीत. तिमाहीला वही वाचायची, त्यातली एकच ओळ निवडायची आणि सध्याच्या नोकरीखाली टाकायची. एका नोकरीखाली पाच-सहा ओळींपेक्षा जास्त झाल्या, तर नवीन ओळ येताना सगळ्यात कमकुवत ओळ जाते. सुरुवातीला लिहिलेली ‘यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी’ ही ओळ बहुधा सगळ्यात आधी काढावी लागते, कारण त्यातून कुठली यंत्रे आणि कसली देखभाल हे कळतच नाही.

ओळ निवडताना एक प्रश्न पुरतो : उद्या मुलाखतीत यावर तीन प्रश्न आले तर उत्तर देता येईल का? पीएलसीचे कार्ड विक्रेत्याच्या इंजिनिअरने बदलले आणि आपण शेजारी उभे राहून वायर धरल्या असतील, तर ‘पीएलसी प्रोग्रामिंग’ लिहू नये. ‘विक्रेत्याच्या इंजिनिअरसोबत पीएलसी इनपुट कार्ड बदलले’ एवढेच लिहावे. तेही कमी नाही.

कारखान्यातले आकडे टाकताना मात्र जपावे. किती माल निघतो, कुठल्या ग्राहकासाठी निघतो, आतल्या यंत्रांचे फोटो या गोष्टी कंपनीच्या असतात. ‘पाच तासांत प्रेस पुन्हा सुरू केला’ हे चालते. ‘अमुक ग्राहकाची ऑर्डर थांबली होती’ हे चालत नाही.

आधी फोन आणि मेल

तिमाहीच्या रविवारी पहिले काम फोन आणि मेल तपासण्याचे. प्रोफाइलवरचा नंबर बघून दुसऱ्याच्या फोनवरून तो लावावा. हसण्यासारखे वाटेल, पण पुष्कळ प्रोफाइलवर कॉलेजच्या काळातले सिम असते. बरेच दिवस न वापरलेला आणि रिचार्ज न केलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही काळाने तो दुसऱ्या कुणाला मिळतो. मग मुलाखतीचा फोन तिसऱ्याच माणसाला जातो आणि लॉगिनचा ओटीपीही तिकडेच. काम बदलून तेलंगणात गेलेल्यांनी तिकडचे नवे सिम घेतले असेल, तर जुने सिम टाकून देण्याआधी सगळीकडचा नंबर बदलावा. ओटीपी जुन्या सिमवर येतो, म्हणून क्रम उलटा करता येत नाही.

मेलचेही तसेच. कॉलेजने दिलेला मेल पास झाल्यावर बंद होऊ शकतो. सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरताना उघडून दिलेला मेल असेल, तर त्याचा पासवर्ड त्याच्याच वहीत असतो. अशा मेलवर प्रोफाइल चालवू नये. स्वतःचा मेल काढावा, त्यात स्वतःचा चालू नंबर जोडावा आणि प्रोफाइलवर तोच मुख्य करावा. मग दुसऱ्या मेलवरून स्वतःलाच एक ओळ पाठवून ती येते का, स्पॅममध्ये जाते का, ते बघावे.

तारखा आणि पीएफ : सगळ्यात जास्त गोंधळ इथे

नवीन कंपनी नोकरी देण्याआधी जुन्या नोकरीची पडताळणी करते. त्यासाठी आता फक्त अनुभवपत्र बघितले जात नाही, पीएफची नोंदही मागितली जाते. पीएफ कापला जात असेल तर प्रत्येक कामगाराला यूएएन क्रमांक असतो, आणि त्याखाली कुठल्या आस्थापनेत कधी रुजू झालात आणि कधी सोडले हे नोंदलेले असते. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडले की ते दिसते. प्रोफाइलवरच्या तारखा आणि या यादीतल्या तारखा जुळायला हव्यात.

आपल्या भागात ही गोष्ट जास्त नडते, कारण कारखान्यातली बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. गेट मोठ्या कंपनीचे, हेल्मेटवर नाव तिचेच, पण पगार आणि पीएफ ठेकेदाराच्या नावाने. प्रोफाइलवर मात्र कंपनीचे नाव लिहिले जाते. लिहिणाऱ्याला यात खोटे वाटत नाही, कारण रोज तिथेच काम केलेले असते. पडताळणीत मात्र कंपनी सांगते की या नावाचा माणूस आमच्या यादीत नाही, आणि हातात आलेली नोकरी अडकते.

उदाहरणादाखल वर उल्लेखलेला मेंटेनन्सचा तरुण घेऊ. त्याने बीदरला मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कामाला लागला. प्रोफाइलवर त्याने एकच नोंद केली : कंपनीचे नाव, २०२१ पासून आजपर्यंत. पीएफच्या यादीत मात्र दोन नोंदी निघतात. ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२३ पहिला ठेकेदार, आणि एप्रिल २०२३ पासून दुसरा, कारण ठेका बदलला. त्यातही पहिल्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरलीच नाही, त्यामुळे कागदावर तो दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरी करतो आहे असे दिसते.

दुरुस्ती दोन जागी करावी लागते. प्रोफाइलवर एका नोंदीच्या दोन करायच्या. नोकरी देणारा म्हणून ठेकेदाराचे पीएफवर जसे आहे तसे नाव लिहायचे, आणि खालच्या पहिल्या ओळीत खरे कामाचे ठिकाण सांगायचे :

```
Employer: (contractor's name as in PF record)
Deployed at: (plant name), Zaheerabad
Apr 2023 - Present
```

यामुळे कंपनीचे नाव जात नाही. शोधणाऱ्याला ते सापडते आणि पडताळणी करणाऱ्यालाही सगळे सरळ दिसते. मुलाखतीत ‘ठेक्यावर होतो’ हे सांगायला लाजण्यासारखे काही नाही, भरती करणाऱ्यांना ही पद्धत चांगली माहीत असते.

दुसरी दुरुस्ती पीएफमध्ये. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर कामगार स्वतः पोर्टलवर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती भरू शकतो. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर चालू पाहिजे. तारीख भरताना घाई करू नये, कारण एकदा चुकीची गेली की दुरुस्तीसाठी मालकाच्या किंवा पीएफ कार्यालयाच्या मागे लागावे लागू शकते. शेवटची पगाराची चिठ्ठी समोर ठेवावी आणि मगच बटण दाबावे. पोर्टलची मांडणी अधूनमधून बदलते, तेव्हा मेनूतले शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी शोधायचे तेच.

वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी पीएफ सहसा नसतो. हायवेवरचे गॅरेज, छोटे वर्कशॉप, दुकान अशा ठिकाणी काम केले असेल तर नेमणुकीचे पत्र, नाहीतर पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट हाच पुरावा. तोही नसेल तर मालकाकडून सही-शिक्क्याचे साधे पत्र सोडतानाच घ्यावे. दोन वर्षांनी मागायला गेले तर गॅरेज तिथे असेलच असे नाही.

पीएफची यादी दर तिमाहीला बघायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात दोन गोष्टी तपासायच्या : नवीन ठेकेदाराची नोंद आली का, आणि जुन्याची बंद झाली का. पासबुकात दरमहा हप्ता पडतो का हेही त्याच वेळी दिसते. तो पडत नसेल तर ती प्रोफाइलपेक्षा मोठी गोष्ट आहे.

शीर्षक : एकच शब्द बदलायचा

नावाखाली येणारी एक ओळ, म्हणजे शीर्षक, सगळ्यात जास्त वाचली जाते. नौकरीवर तिला `Resume headline` म्हणतात, लिंक्डइनवर नुसते `Headline`. भरती करणाऱ्यासमोर एका वेळी शेकडो नावांची यादी असते, आणि त्या यादीत प्रोफाइल उघडण्याआधी ही ओळच दिसते. ‘मेहनती, कुठल्याही कामाला तयार’ असे लिहिले तर तो कुठल्याच शोधात सापडत नाही, कारण ‘मेहनती’ शब्द टाकून कुणी शोधत नाही. यंत्राचे, कामाचे आणि हुद्द्याचे नाव टाकून शोधतात.

```
Maintenance Technician | Hydraulic press, conveyor |
Diploma Mechanical | since 2021
```

इथे शेवटी ‘४ वर्षांचा अनुभव’ न लिहिता ‘२०२१ पासून’ लिहिले आहे. ‘४ वर्षे’ पुढच्या वर्षी खोटे होते, ‘२०२१ पासून’ कधीच खोटे होत नाही. प्रोफाइलभर हाच हिशेब लावावा. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘लवकरच परीक्षा देणार’, ‘वय २४’ असे शब्द आपोआप शिळे होतात. त्यांच्या जागी महिना आणि वर्ष टाकले की पुढच्या तिमाहीत तिथे बघावे लागत नाही. पहिल्या दिवशी असे शब्द शोधून काढले, तर वर्षभराचे निम्मे काम तिथेच संपते.

तिमाहीला शीर्षकात फार तर एक शब्द बदलतो. नव्या यंत्रावर हात बसला असेल तर ते आत येते आणि एक जुने बाहेर जाते. काही नवीन नसेल तर तशीच राहू द्यावी.

काही पोरे रोज सकाळी प्रोफाइलमधला एखादा पूर्णविराम काढतात आणि पुन्हा टाकतात, म्हणजे ते ताजे दिसते. यात तथ्य नाही असे नाही. नौकरीवर अलीकडे सक्रिय असलेल्यांनाच यादीत घेण्याची सोय भरती करणाऱ्याला असते. पण त्याचा उपयोग नोकरी प्रत्यक्ष शोधत असतानाच, आणि त्यासाठी मजकूर बदलण्याची गरज नाही. लॉगिन करून अर्ज करत राहिले तरी ते चालते. पूर्णविराम रोज बदलला आणि नोटीस कालावधी दोन वर्षांपूर्वीचा असला, तर फोन येईल आणि पहिल्या मिनिटात बंद होईल.

नोटीस, ठिकाण आणि भाषा

नोटीस कालावधीचा रकाना खरा ठेवावा. राजीनामा दिल्यावर ‘नोटीस चालू आहे’ हा पर्याय निवडून शेवटचा दिवस टाकता येतो. तो दिवस उलटून गेल्यावरही तारीख तशीच राहिलेली पुष्कळ प्रोफाइल दिसतात. बघणाऱ्याला वाटते, हा माणूस कुठेतरी रुजू झाला. नोकरी सुटली असेल तर तसेच दाखवावे, ‘ताबडतोब रुजू होऊ शकतो’ ही जमेची बाजू आहे.

हव्या असलेल्या ठिकाणांत सीमाभागातला माणूस कधी कधी फक्त एकच शहर टाकतो, किंवा सगळा भारत टाकतो. दोन्ही तोट्याचे. या तिमाहीत घरची परिस्थिती बघून खरोखर कुठे जाता येईल तेवढीच नावे ठेवावीत. पेरणीच्या दिवसांत घरी माणूस लागतो, लहान भावाची परीक्षा असते, आईचे दवाखान्याचे फेरे असतात. जुलैला फक्त जहीराबाद, बीदर आणि हुमनाबाद ठेवले आणि ऑक्टोबरला पुणे, हैदराबाद जोडले तर काही बिघडत नाही. गावाचे नाव पोर्टलच्या यादीत सापडत नसेल तर जवळचे मोठे ठिकाण निवडावे. इंग्रजीत मन्नाएखेळ्ळीचे स्पेलिंग तीन-चार प्रकारांनी लिहिले जाते, तेव्हा स्वतः टाइप करायचे असेल तर आधार कार्डावरचेच घ्यावे.

भाषांचा रकाना मात्र एकदा नीट भरण्यासारखा आहे, कारण या भागातल्या माणसाची ती मोठी ठेव आहे. नौकरीवर प्रत्येक भाषेसाठी वाचणे, लिहिणे, बोलणे अशा वेगळ्या खुणा करता येतात. घरात मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, बाजारात दखनी हिंदी, कामावर तेलुगू, असा माणूस सगळ्या भाषांपुढे सगळ्या खुणा करून मोकळा होतो. खरे तर तो मराठी उत्तम बोलतो पण लिहिताना अडखळतो, कन्नड लिहितो-वाचतो, आणि तेलुगू फक्त बोलतो. तसेच भरावे. उमरग्यापासून जहीराबादपर्यंत फिरणाऱ्या सर्व्हिस किंवा विक्रीच्या माणसासाठी कंपनीला नेमके हेच लागते : उमरग्यात मराठी, हुमनाबादेत कन्नड, जहीराबादेत तेलुगू बोलणारा एकच माणूस. सहा महिन्यांत तेलुगू वाचायला यायला लागले, तर तिमाहीला एक खूण वाढते.

फाईल वेगळी, प्रोफाइल वेगळे

नौकरीवर भरलेले रकाने आणि चढवलेली रेझ्युमेची फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रकाना बदलला म्हणून फाईल बदलत नाही. नंबर रकान्यात नवा आणि फाईलमध्ये जुना, ही नेहमीची चूक. भरती करणारा बहुधा फाईल उतरवून घेतो आणि तिच्यावरचा नंबर लावतो. म्हणून रकान्यांचे काम झाल्यावर मूळ वर्ड फाईलमध्ये तेवढाच बदल करावा, पीडीएफ काढावी, नावात वर्ष-महिना टाकावा आणि जुनी काढून नवी चढवावी. नावापुढे `2025-07` असले की कुठली ताजी हा प्रश्न पडत नाही. मूळ वर्ड फाईल झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर असेल तर ती आधी स्वतःच्या मेलवर मागवून घ्यावी.

या फाईलमध्ये आधार क्रमांक, पॅन, बँक खाते आणि घराचा पूर्ण पत्ता टाकू नये. गाव, तालुका, जिल्हा पुरतो. चिटगुप्पा आता वेगळा तालुका आहे, जुन्या फायलींत मन्नाएखेळ्ळीपुढे हुमनाबादच असते, तेही या निमित्ताने बदलून घ्यावे. प्रोफाइल ताजे झाले की ‘नोकरी पक्की झाली, नोंदणीचे पैसे पाठवा’ म्हणणारे फोनही येतात. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही, एवढे घरातल्यांनाही सांगून ठेवावे, कारण फोन कधी कधी वडील उचलतात.

लिंक्डइनवर बदल करण्याआधी एक काम करावे. सेटिंगमध्ये `Share profile updates with your network` नावाची खूण असते, ती बंद करावी. नाहीतर एखादा बदल केला की ओळखीच्यांना त्याची खबर जाऊ शकते, सुपरवायझरलाही. `Open to work` लावायचे असेल तर ‘फक्त भरती करणाऱ्यांना’ हा पर्याय आहे. आपल्याच कंपनीच्या भरती विभागाला ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करते, पण पूर्ण हमी देत नाही. ठेक्यावरच्या माणसाने हे जास्त लक्षात ठेवावे, कारण पगार देणारा आणि काम घेणारा असे दोन मालक असतात.

एक वर्ष कसे जाईल

त्याच तरुणाचे वर्ष बघू. एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्याने नोंदी दोनात तोडल्या, तारखा पीएफप्रमाणे केल्या, शीर्षकात ‘२०२१ पासून’ आणले. पहिल्या ठेकेदाराची उघडी तारीख मार्च २०२३ च्या शेवटच्या पगाराच्या चिठ्ठीवरून भरली. दोन तास गेले.

जुलैमध्ये फोन आणि मेल तपासले, वहीतून प्रेसच्या सीलची ओळ घेतली आणि ‘देखभालीची जबाबदारी’ ही ओळ काढली. हव्या ठिकाणांतून पुणे तात्पुरते काढले. नवी पीडीएफ चढवली. पंचवीस मिनिटे.

ऑक्टोबरमध्ये वहीत फारसे काही नव्हते. दोनदा रात्रपाळी आणि तीच ती कामे. त्याने एकही ओळ बदलली नाही, फक्त पुणे परत जोडले आणि पीएफचे पासबुक बघितले. ऑगस्टचा हप्ता पडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारले, आणि हप्ता पुढच्या महिन्यात जमा झाला.

जानेवारीत ठेका पुन्हा बदलण्याची कुणकुण होती. त्याने सध्याच्या ठेकेदाराकडून अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या आधीच मागून घेतल्या, लिंक्डइनचे प्रोफाइल `Save to PDF` करून मेलवर ठेवले, आणि पुढच्या एप्रिलच्या आठवणीत दोन ओळी लिहिल्या : नवीन ठेकेदाराचे नाव पीएफवर आल्यावरच प्रोफाइलवर टाकायचे, आणि मार्चचा हप्ता पडल्यानंतर दोन महिन्यांनी जुन्याची तारीख बंद झाली का ते बघायचे.